भिंतीवरचा जिवाणू

बालाघाटच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेची पश्चिमेकडची अख्खी भिंत एका जिवाणूने व्यापलेली आहे. चित्र ऑइलपेंटचं. वारासिवनीच्या एका पेंटरने काढलेलं. तो एरवी ट्रकच्या मागचे मोर आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून जिवाणूच्या कडेनेही त्याने हौसेने फुलापानांची वेल काढली आहे. शीर्षक हिंदीत, ‘जीवाणु में प्रोटीन संश्लेषण’. खाली सौजन्य कोणाचं आणि उद्घाटन कोणाच्या हस्ते, हे शीर्षकाहून मोठ्या अक्षरांत. एवढं सगळं जमलं, फक्त जिवाणू जमला नाही.

कारण त्या जिवाणूच्या पोटात वांग्याच्या रंगाचं एक ठसठशीत केंद्रक आहे. केंद्रकात डीएनए. केंद्रकाच्या भोकातून एम-आरएनए, म्हणजे डीएनएच्या मजकुराची नक्कल, हिरव्या सापासारखा बाहेर पडतो. सापाच्या डोक्याला लाल टोपी आहे, शेवटाला लांब शेपूट आहे, आणि बाहेर ती नक्कल वाचून प्रथिन बनवणारा एकच रायबोसोम, दोन इडल्या एकावर एक ठेवल्यासारखा, त्या सापाची वाट बघत बसला आहे. चित्र सुरेख आहे. आपल्या पेशीचं, वांग्याच्या पेशीचं, बेडकाच्या पेशीचं म्हणून अगदी चालेल. जिवाणूला मात्र केंद्रकच नसतं. त्याच्या एम-आरएनएला ती टोपीही नसते. पेंटरचा काय दोष? त्याला गाईडमधलं जे पान उघडून दिलं, ते त्याने रंगवलं. पान उघडून देणारे तेव्हाचे आमचे विभागप्रमुख, सौजन्यात नावही त्यांचंच.

मी तिथे शिकवायला लागले तेव्हा ते बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते, पण दर वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून तेच यायचे. मौखिक परीक्षेची त्यांची पद्धत ठरलेली. विद्यार्थ्याला भिंतीपुढे उभं करायचं, हातात बांबूची छडी द्यायची आणि ‘प्रोटीन कैसे बनता है, दिखाओ’ म्हणायचं. छडी केंद्रकापासून निघाली, भोकातून बाहेर पडली आणि इडल्यांवर येऊन थांबली की झाले मार्क.

आता माझं सांगते. माझं पद ‘अतिथी विद्वान’. मध्य प्रदेशात कंत्राटी शिक्षकाला असं म्हणतात. पाहुणा आणि पंडित हे दोन्ही मान एकाच वेळी मिळाले की माणसाची नोकरी कायम होत नाही, हे लक्षात ठेवावं. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीला नावं ठेवू नयेत, म्हणून मी एक सोय काढली होती. भिंतीकडे पाठ करून फळ्यावर खरं ते शिकवायचे, आणि तास संपताना म्हणायचे, ‘हे तुमच्यासाठी. परीक्षेत भिंतीवरचं सांगा.’ मुलं हसायची. वहीत डाव्या पानावर खरं आणि उजव्या पानावर भिंतीचं, अशी दोन उत्तरं लिहायची. मी याला व्यवहार म्हणत असे. भित्रेपणाला आपण स्वतःपुरती बरी नावं ठेवतो.

त्या वर्षी शेवटच्या वर्गात उकव्याची एक मुलगी होती. वडील मॅंगनीजच्या खाणीत होते, आता थोरला भाऊ आहे. बालाघाटात ती मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची, सुट्टीला बसने घरी. वर्गात तिच्याशी हिंदीत बोललं की हिंदीत उत्तर, आणि तास संपल्यावर दाराशी गाठून मराठीत प्रश्न. आमच्या भागातली मराठी, ‘मले’ आणि ‘काहून’ची. तिला पुढे जबलपूरला एम.एस्सी. करायचं होतं. भावाने सांगून ठेवलं होतं की एका दमात पास झाली तर जा, एक विषय जरी राहिला तर घरी ये, खाणीच्या वजनकाट्यावर ठेकेदाराला पावत्या फाडायला माणूस हवाच आहे. मौखिकात वेगळं पास व्हावं लागतं असा आमचा नियम. त्यामुळे तिचं जबलपूर त्या दिवशी बांबूच्या छडीच्या टोकावर होतं, आणि हे तिला माहीत होतं, मलाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं, ‘मॅडम, उद्या मी भिंतीवरचं सांगू का?’

‘सांग की. दर वर्षी सांगतात.’

‘पण ते त खोटं हाय.’

‘मार्क खरे असतात ना?’

तिने वही मिटली. मला वाटलं पटलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक सर आले. शाल, नारळ, फोटो झाला. आमचे लॅबवाले काका परिचर म्हणून तीस वर्षं तिथे आहेत. ते छडी पुसून आणताना माझ्या कानाशी पुटपुटले, ‘नारळ त मागच्या सालचाच हाय, म्याडम. फक्त शाल बदलली.’

पहिली सहा मुलं छडी फिरवून गेली. सातवी ती. छडी हातात घेतली आणि खाली टेकवून उभी राहिली.

पुढचं सगळं हिंदीत झालं, मी आपल्या भाषेत सांगते.

सर म्हणाले, ‘दाखव. एम-आरएनए कुठून निघतो?’

‘सर, या चित्रात दाखवता येणार नाही. जिवाणूत केंद्रक नसतं.’

बाकी मुलांनी वह्या चाळणं थांबवलं. सर हसले. मोठ्या माणसाचं हसणं, ज्यात समोरच्याला माघार घ्यायला थोडी जागा ठेवलेली असते. ‘असं? मग काय होतं?’

‘डीएनएवरून एम-आरएनए बनत असतानाच त्याचं पुढचं टोक मोकळं असतं. त्याला कुठे बाहेर जायचं नसतं. रायबोसोम लगेच त्यावर बसतो आणि प्रथिन बनवायला लागतो. मागून दुसरा बसतो, तिसरा बसतो. तोवर एम-आरएनए पूर्ण झालेलाही नसतो.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘लग्नात कसं, सर, एकीकडे पुऱ्या लाटणं चालू असतं आणि दुसरीकडे कढईतून निघालेली पुरी थेट पत्रावळीवर. आपल्या पेशीत मात्र हॉस्टेलच्या मेससारखं. सगळं आत शिजतं, मग खिडकीतून बाहेर.’

मागे कोणीतरी हसलं. सरांनी मागे बघितलं. हसू थांबलं.

‘बरं. आणि एका एम-आरएनएवर तीन जनुकं असतील तर? रायबोसोम टोपीपासून सरकत येणार. पहिल्यावरचं काम संपलं की दुसऱ्यापर्यंत कसा जाणार?’

‘टोपी नसते, सर.’ हे ती इतक्या नम्रपणे म्हणाली की मला धडकी भरली. ‘प्रत्येक जनुकाच्या सुरुवातीच्या थोडं आधी, पाच ते दहा अक्षरं आधी, रायबोसोमला बसायची जागा असते. त्या अक्षरांत ए आणि जी जास्त असतात, एजीजीएजीजीसारखी. रायबोसोमच्या लहान भागात जो सोळा-एस आरएनए असतो, त्याच्या शेवटी याच्याशी जुळणारी अक्षरं असतात. ती जुळली की रायबोसोम बरोबर सुरुवातीपाशी बसतो. तीन जनुकं असतील तर बहुधा अशा तीन जागा. रायबोसोम मधल्या जनुकावर थेट बसू शकतो. पहिल्यापासून यायची सक्ती नाही.’

सर खुर्चीत सरळ झाले. आता इथे मला त्यांच्याशी न्यायाने वागायला हवं. ते अडाणी नव्हते. कधीकाळी त्यांनी खरं वाचलं होतं, आणि त्यातलं एक जुनं अस्त्र त्यांच्याकडे शिल्लक होतं. ते त्यांनी काढलं.

‘म्हणजे प्रत्येक जनुक स्वतंत्र. मग ऐक. पहिल्या जनुकात सुरुवातीलाच एक चूक झाली, मध्येच थांबण्याचा संकेत आला. तर फक्त पहिलं प्रथिन बिघडायला हवं. पण प्रत्यक्षात दुसरं आणि तिसरंही कमी बनतं. त्यांच्या जागा तर शाबूत आहेत. का कमी बनतं?’

प्रश्न झकास होता. मी तो वर्गात शिकवला नव्हता. ती छडीकडे बघत राहिली. खाली रस्त्यावरून लालबर्राची बस हॉर्न वाजवत गेली.

‘सर, रायबोसोम त्या थांब्यावर उतरून जातात,’ ती हळूहळू म्हणाली. ‘मग पुढचा एम-आरएनए उघडा पडतो. बनत असतो, पण त्यावर कोणी नसतं. तेव्हा रो नावाचं प्रथिन उघड्या आरएनएवर बसतं आणि पळत पळत पुढे जाऊन एम-आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेजला गाठतं. ते पॉलिमरेजला डीएनएवरून सोडवतं. म्हणजे पुढची जनुकं त्या एम-आरएनएवर लिहिलीच जात नाहीत. जागा शाबूत आहे, पण जागा असलेला कागदच नाही.’ आणि मग तिचा चेहरा बदलला. उत्तर देता देता ते उत्तर कुठे जातंय हे तिला दिसलं. ‘आणि सर, हे असं तेव्हाच होऊ शकतं जेव्हा दोन्ही कामं एकाच ठिकाणी, एकाच वेळी चालतात. मध्ये केंद्रकाची भिंत असती, तर बाहेर रायबोसोम उतरला हे आत पॉलिमरेजला कसं लागलं असतं?’

सरांनी आपल्याच हाताने आपल्या भिंतीला भोक पाडलं होतं. ते भोक बुजवायला ते एवढंच म्हणाले, ‘रटा हुआ है. जाओ.’ आणि गुणपत्रकावर शून्य लिहिलं.

पाठ केलेलं? पुऱ्यांसकट?

जेवणानंतर गुणपत्रक माझ्यापुढे आलं. बाह्य परीक्षकाच्या सहीशेजारी अंतर्गत परीक्षकाची सही लागते. या सहीशिवाय लखोटा बंद होत नाही, आणि लखोटा त्याच दिवशी जावा लागतो. मी पेन काढलं, सातव्या ओळीपर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. मला शौर्य वगैरे काही वाटलं नाही. सरांसाठी मागवलेल्या समोशांची बशी मी बाजूला सरकवली. पण एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. पोरगी भिंतीविरुद्ध जे बोलली, ते माझं होतं. मी ते भिंतीकडे पाठ करून बोलत आले होते, ती तोंड करून बोलली.

मी म्हटलं, ‘सर, शून्याला शेरा लागतो. समोरच्या रकान्यात कारण लिहून द्या.’

‘कसलं कारण?’

‘हेच. विद्यार्थिनीने जिवाणूत केंद्रक नसतं असं सांगितलं, म्हणून शून्य. तुमच्या अक्षरात लिहा, मी लगेच सही करते.’

सरांनी प्राचार्यांना बोलावलं. आमचे प्राचार्य राज्यशास्त्राचे. जिवाणूबद्दल त्यांचं मत नव्हतं, लखोट्याबद्दल होतं. दोन्हीकडे बघून त्यांनी तडजोड काढली, जी काढायला ते प्राचार्य झाले होते. ‘मॅडम, सात लिहू. सात म्हणजे पास. सर दया दाखवताहेत. विषय संपवा.’

सात म्हणजे जबलपूर. माझ्या हट्टासाठी दुसऱ्याचं वर्ष पणाला लावायचा हक्क मला नव्हता. ‘तिला विचारते,’ म्हटलं आणि बाहेर आले.

ती जिन्यात बसली होती. काका शेजारी उभे राहून तिला उरलेला समोसा खायचा आग्रह करत होते. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

‘सात कशाचे, मॅडम?’

‘दयेचे म्हण.’

‘मंग उत्तराचे किती?’

‘ते त्यांनी दिलेच नाहीत.’

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ‘मले नाही पाहिजे.’

‘अगं, वेडी आहेस का? शून्य राहिलं तर वजनकाट्यावर बसशील.’

‘हौ. माहीत हाय.’ मग माझ्याकडे बघून, ‘दयेचे सात घेतले त कागदावर मी चुकली असंच राहीन ना? तुम्हीच त शिकवलं. आता तुम्हीच काहून भिऊन राह्यल्या?’

काका म्हणाले, ‘घ्या म्याडम. तुमचीही तोंडी झाली.’

मी परत आत गेले. सांगितलं की तिला सात नकोत, आणि मलाही नकोत. एक तर शून्य आणि त्याचं कारण लिहून द्या, नाही तर उत्तराचे मार्क द्या. मधलं काही नको. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. सरांची गाडी खाली उभी होती.

सरांनी पेन उघडलं. बहुतेक रागाने. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागले, ‘छात्रा ने कहा कि जीवाणु में केंद्रक’, आणि थांबले. एवढा वेळ जे तोंडाने सहज चाललं होतं, ते कागदावर उतरेना. हा कागद विद्यापीठात जाणार. तिथे कोणीतरी, निदान एक कारकून तरी, शाळेत दहावीपर्यंत शिकलेला असणार. ते खाली बघत राहिले. मी पेनाचं टोपण काढून सहीच्या जागेपाशी धरलं.

शेवटी त्यांनी अर्धं वाक्य खोडून बाजूला छोटी सही केली आणि म्हणाले, ‘बुलाओ उसको.’

ती आली. त्यांनी एक कोरा पुरवणी कागद तिच्याकडे सरकवला. ‘भिंतीवर दाखवता येत नाही म्हणतेस. इथे काढ.’

तिने डीएनएची आडवी रेघ काढली. तिच्यावर पॉलिमरेजचा गोळा, गोळ्यातून लोंबणारा एम-आरएनए, आणि त्यावर मण्यांसारखे चार रायबोसोम. प्रत्येकातून प्रथिनाची एक शेपटी, सगळ्या सारख्या. एम-आरएनएवर दोन जनुकं, प्रत्येकाच्या सुरुवातीच्या जरा आधी एक बारीक चौकोन, बसायची जागा.

सर बराच वेळ कागद बघत होते. मग खिशातलं पेन त्या चार शेपट्यांवर टेकवलं. ‘हे चूक आहे.’

मला वाटलं, पुन्हा सुरू.

‘पहिल्या जनुकावर हे चारही एका मागोमाग एक चाललेत. पॉलिमरेजच्या सगळ्यात जवळ कोण? जो पहिला बसला तो. त्याने सगळ्यात जास्त वाचलंय. मग त्याची शेपटी बाकीच्यांएवढी कशी?’

तिने वाकून बघितलं. ‘हौ ना!’ तिच्या तोंडून मराठीच निघाली. मग हिंदीत, ‘पुढच्याची लांब, मागच्यांची आखूड होत जाणार. चुकलं, सर.’

‘चुकलं,’ सर म्हणाले, आणि त्या शब्दात मला, मी त्यांना ओळखत असलेल्या इतक्या वर्षांत प्रथमच, एक मास्तर ऐकू आला. ‘आणि हे सगळ्या जिवाणूंना सारखं लागू नाही, हेही लक्षात ठेव. काहींत पॉलिमरेज रायबोसोमला मागे टाकून बरंच पुढे निघून जातं. तुझं ई. कोलायचं ठीक आहे.’ म्हणजे त्यांना हे सगळं माहीत होतं. माझ्यासारखंच. आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्या वांग्यासमोर दर वर्षी छडी फिरवून घेत होतो. फरक इतकाच की भिंतीवर नाव त्यांचं होतं.

त्यांनी शून्य खोडलं. अठरा लिहिले, मग शेपट्यांचे दोन कापून सोळा केले. वीसपैकी सोळा.

‘दोन बरोबर कापले,’ बाहेर आल्यावर ती मला म्हणाली. ‘ते खरंच चुकलं होतं.’ तेवढं बोलून ती उकव्याच्या बसकडे निघाली. भावाला सांगायचं होतं, आणि फोनवर नाही.

मी आत येऊन सही केली. सहीखाली सगळ्या परीक्षेबद्दलच्या शेऱ्याचा वेगळा रकाना अजून रिकामा होता. प्राचार्य लखोटा हातात घेऊन उभे होते, सर शाल घडी करत होते. मी लिहिलं, ‘प्रयोगशाला की पश्चिमी दीवार पर बना चित्र जीवाणु का नहीं है. मौखिक परीक्षा इसके सामने न ली जाए.’ खाली तारीख घातली.

प्राचार्यांनी वाचलं. हळू आवाजात, काळजीनेच म्हणाले, ‘मॅडम, अगले साल का सोच लीजिए. आप अतिथि हैं.’

‘सोचकर ही लिखा है, सर,’ मी म्हटलं. ‘आता चिकटवा.’